आबांची ताजी सही

जरा जवळ ये गो बाय. या कागदावरूनच, पण जवळ ये. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "आई, मला सगळं कळलंय" म्हणतेस आणि ठेवून देतेस. काय कळलंय तुला? तुझ्या चुलत बहिणीने आपल्याच काकीचा, म्हणजे माझा, मिरच्या कुटायचा डंक ऐन हंगामात बंद पाडला, एवढंच ना? कोणी सांगितलं, अर्ध्या गल्लीने. आणि तू नाशकात बसून त्या पोरीला नको नको ते बोललीस. माझी लेक आहेस म्हणून कान धरते, दुसऱ्या कोणाची असतीस तर गप्प बसले असते. आता पुरी गोष्ट ऐक. बोलताना मी भरकटते, म्हणून लिहूनच काढली आहे.

तुला ठाऊकच आहे, आपल्या घराची घरपट्टी अजून तुझ्या आजोबांच्या, आबांच्या नावाने येते. आबांना जाऊन किती वर्षं झाली! तुझी ती चुलत बहीण जन्मायची होती तेव्हा. पण नाव बदलायचं कोणी काढलं नाही. टेमघरातल्या आपल्या आळीत कोणाचंच बदललेलं नाही. कोणाच्या घरावर आजा, कोणाच्या घरावर पणजा. पट्टीवरून नाव काढायचं म्हणजे म्हाताऱ्याला उंबऱ्याबाहेर काढल्यासारखं वाटतं माणसाला. शिवाय सगळे भाऊबंद एका जागी बसवायचे, सह्या घ्यायच्या, त्यात कोणीतरी रुसायचं. त्यापेक्षा येतंय नाव ते येऊ दे. पट्टी वेळेवर भरली की झालं.

आणि आबांची सही म्हणशील तर ती मीच करत आले. शेवटच्या वर्षांत त्यांचा हात फार थरथरायचा. पोस्टमन आला, कोणी कागद घेऊन आलं, की ते मला हाक मारायचे, "सूनबाई, माझं नाव काढा." मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरं शिकले ती त्यांच्या नावाची. माझं स्वतःचं नाव लिहायला त्यानंतर दोन वर्षांनी शिकले, तेही भिंतीवर कोळशाने, आणि बाकीचं लिहिणं तुझ्या शाळेच्या पाटीवरून उचललं. म्हणून ती सही माझ्या हातात अशी बसली आहे, की झोपेतही येईल.

आता डंकाचं. मिरच्या, धणे, हळद कुटायचं आपलं यंत्र विजेवर चालतं, म्हणून त्याला पालिकेच्या कचेरीचा परवाना लागतो आणि तो दरवर्षी मार्चअखेर नवा करून घ्यावा लागतो. इतकी वर्षं काय होतं? जुना परवाना, घरपट्टी भरल्याची पावती, वीजबिल, आधार, फोटो. खिडकीवर द्यायचं, पोचपावती घ्यायची, मग निरीक्षक जागा बघून जायचा, वरच्यांची सही व्हायची, परवाना मिळायचा. यंदा खिडकीच्या काचेवर एक परिपत्रक चिकटवलेलं. घरपट्टी ज्याच्या नावाने आहे तो माणूस आणि अर्जदार वेगळे असतील, तर त्या माणसाचं सही केलेलं संमतीपत्र जोडायचं. ते नसेल तर अर्ज घ्यायचाच नाही. आणि खाली जाड अक्षरात, अपुरा अर्ज घेतल्यास खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला जबाबदार धरलं जाईल.

खिडकीवर कोण? तुझी ती चुलत बहीण. तिचे वडील, तुझे काका, नोकरीत असतानाच गेले, म्हणून तिला त्यांच्या जागी घेतलं. जेमतेम वर्ष झालेलं. टायपिंगची परीक्षा अजून द्यायची होती, ती ठरल्या मुदतीत पास झाली नाही तर नोकरीच जायची. घरात आई आणि ती, दोघीच. एवढं लक्षात ठेव म्हणजे पुढचं कळेल.

मी काय केलं, तेही सांगते. कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून एक जण अर्ज लिहून देतो. त्याने माझे कागद पाहिले आणि म्हणाला, "काकी, पट्टी सासऱ्यांच्या नावावर. हायत का?"

"न्हाय रे. कधीच गेले."

"मग असं करा, संमतीपत्र मी लिहितो, सही तुम्ही ठोका. सगळे तेच करतायत. या खिडकीवर कोण विचारतंय?"

मी म्हटलं, ठोका काय, ती सही तर माझीच कामगिरी आहे. झाडाखाली, त्याच्याच पेनाने, आबांचं नाव काढलं. खोटं बोलतेय असं मनात आलंच नाही गो. घर त्यांचं, यंत्र त्यांच्या पडवीत, मी त्यांची सून. आबा असते तर नाही म्हणाले असते का? मला वाटलं, मी त्यांच्याकडून सांगतेय.

टोकन घेऊन रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे एक बाई. वयाने माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी लहान, वरंगळकडची, पण लग्न होऊन आली ती इथलीच झाली. लूमवर, यंत्रमागावर, काम करणाऱ्या माणसांसाठी खाणावळ चालवते, आपल्याकडे तिला भिस्सी म्हणतात ना, ती. दोन शिफ्टची माणसं तिच्याकडे जेवतात. तिची पाळी आली. पोरीने कागद एकेक करून बघितले, यादीवर खुणा करत गेली. मग थांबली.

"मावशी, घरमालकाचं संमतीपत्र?"

"मॅडम, मालिक तो गुजर गये. दोन साल झाले. भाडं मोठा मुलगा घेतो, ही बघा त्याची पावती."

"पण पट्टी वडिलांच्या नावाची आहे. संमती त्यांची पाहिजे."

"त्यांची कशी आणू? ऊपर जाऊ काय?"

रांगेत हसले सगळे. मीही हसले, खोटं कशाला सांगू. पोरगी हसली नाही. काचेवरच्या कागदाकडे बघितलं, मागे बसलेल्या हेडक्लार्ककडे बघितलं. त्यांनी मान न उचलताच हात हलवला, नाही म्हणून. तिने कागद परत सरकवले. "मावशी, मला घेता येत नाही." बाई काही भांडली नाही. कागद पिशवीत घातले, एकदा विचारलं, "३१ के बाद ताला लगाएंगे?" बाई वळली.

आणि मग मी. तिने मला बघितलं, हसली, "काकी, तू? घरीच दिलं असतंस मला."

"घरी कशाला? रांग सगळ्यांना तीच."

असं मोठ्या तोऱ्यात म्हटलं बघ. तिने कागद घेतले. जुना परवाना, खूण. पावती, खूण. वीजबिल, खूण. मग संमतीपत्र. खूण करायला पेन टेकवलं आणि तसंच राहिलं. तिने नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग हळूच, काचेच्या खालच्या फटीतून,

"काकी, आबा कधी गेले?"

"तुझ्या जन्माच्या आदल्या साली. का गो?"

"मग ही सही आज कोणी केली?"

"मीच. माझ्याशिवाय कोण करतं त्यांची सही?"

तिने पेन खाली ठेवलं. मागून हेडक्लार्क म्हणाले, "घरचीच माणसं ना तुझी? कागद पुरे आहेत, घे आणि आवक नंबर टाक. पुढचं टोकन." रांगेतला एक जण ओरडला, "अरे नातेवाईक आहे तर चहा पाजा, आम्हाला सोडा!"

पुरे कागद, बघ. त्या भिस्सीवालीने खरं सांगितलं, तिचे कागद अपुरे. माझ्याकडे मेलेल्या माणसाची ताजी सही, माझे कागद पुरे. हे मला आता कळतंय, तेव्हा नाही कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की पुतणी माझे कागद हातात धरून बसली आहे आणि नंबर टाकत नाही.

मग ती उठली. खिडकी तशीच सोडून, दरवाजातून बाहेर आली आणि जिन्यापर्यंत धावली. "ओ मावशी! थांबा, थांबा जरा!" त्या बाईला हाताला धरून परत घेऊन आली. बसली, दोन कोरे कागद घेतले आणि लिहायला लागली. दोन्हींवर तेच. अर्ज घेता येत नाही, कारण घरपट्टीची नोंद मयत माणसाच्या नावे असून त्याची संमती मिळणं शक्य नाही. खाली तारीख, खिडकी क्रमांक, सही.

हेडक्लार्क आता उठून आले. "काय चाललंय? लेखी देऊ नकोस. तोंडी सांग. लेखी दिलंस की अडकलीस."

"साहेब, नाही म्हणायचं तर कारण लेखी द्यायचं असतं. मागे फळा आहे."

खरंच होता. कपाटामागे अर्धा झाकलेला. कोणती सेवा, किती दिवसांत, कोणी द्यायची, नाकारली तर दाद कोणाकडे मागायची. कपाट कधी सरकवलंच नव्हतं, म्हणून कोणाला दिसत नव्हता.

"परिपत्रकात काय लिहिलंय?" ते म्हणाले.

"अर्ज घेऊ नका असं लिहिलंय. मी कुठे घेतला? लेखी देऊ नका असं नाही लिहिलेलं."

मला तो कागद हातात देताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. संमतीपत्र वेगळं काढून परत दिलं. "काकी, हे घरी ने. कोणाला दाखवू नको." मी रागाने जिना उतरले, वाटेत चप्पल निसटली तीही हातात घेतली. मनात म्हटलं, मोठी आली साहेबीण, हिला अंगाखांद्यावर खेळवली मी.

मिरच्यांचे दिवस ते. दारात पोती आलेली, वळ गावापासून दिघाशीपर्यंतच्या बाया नंबर लावून बसलेल्या. आणि मी दोन दिवस पुतणीशी बोलले नाही. एका भिंतीपलीकडे राहतो आम्ही. तिची आई, माझी जाऊबाईच, आली शेवटी. "वहिनी, काय बोलू आता? पोर जेवत न्हाय. ऑफिसात सगळे तिला म्हणतात, स्वतःच्या काकीला नडली. नोकरी जाईल हो हिची. तुमच्या पाया पडते, तुम्हीच समजवा तिला."

मी समजवायलाच गेले होते. खरंच. ओट्यावर ती बसलेली, मांडीवर कागद. टिपणी लिहीत होती. कचेरीत वरच्या साहेबाला काही विचारायचं तर असं लिहून पाठवतात. वर "सादर" लिहून सुरुवात करतात, खाली "मार्गदर्शन व्हावे" लिहून संपवतात. म्हटलं, वाच मला. तिने वाचून दाखवली.

काय लिहिलं होतं माहीत आहे? की घरपट्टी मयत माणसाच्या नावे असलेले अर्जदार बरेच आहेत. परिपत्रकामुळे जे खरं सांगतात त्यांचे अर्ज परत जातात आणि जे खोटी सही आणतात त्यांचे घेतले जातात. म्हणून असं सुचवते, की अशा ठिकाणी संमतीपत्राऐवजी मालकाच्या मृत्यूचा दाखला, एखाद्या वारसाचं घोषणापत्र किंवा भाड्याची पावती, आणि निरीक्षकाने जागेवर जाऊन केलेली खात्री, एवढ्यावर अर्ज घ्यावा. आणि अर्जदाराने पट्टीवरचं नाव बदलून घेण्याची हमी द्यावी. इथपर्यंत ठीक. पुढे लिहिलेलं, की या महिन्यात माझ्याच खिडकीवर अशी काही संमतीपत्रं घेतली गेली, त्यांतल्या सह्या एकाच शाईतल्या, एकाच हाताच्या वाटतात. मी तेव्हा पाहिलं नाही. ते अर्ज पुन्हा तपासावेत.

"हे कशाला लिहितेस?" मी म्हटलं. "स्वतःच्या गळ्यात दोर? कोणाला कळणार आहे?"

"काकी, मला कळलंय ना. आबांचं नाव बघितलं नसतं, तर तुझाही अर्ज मी घेतला असता. आणि ती मावशी परत गेलीच असती. तिला मी परत पाठवलं ते खरं बोलली म्हणून."

"पण ते परिपत्रक."

"परिपत्रक चुकलंय असं मी खिडकीत बसून म्हणू शकत नाही. मोडलं तर उद्या जो तो ओळखीवर मोडेल. वरच्यांना विचारू तर शकते."

मग म्हणाली, "एक उदाहरण जोडायचंय. खरं. पण ते आपल्या घरचं आहे."

मला पटकन कळलं नाही. मग कळलं. तिला आबांच्या मृत्यूचा दाखला हवा होता. माझ्या लोखंडी पेटीत होता तो. आणि तो जोडला, की माझी सही खोटी हे माझ्याच हाताने कागदावर येणार. शिवाय तिने खाली आधीच लिहिलेलं, की अर्जदार माझी काकी आहे, म्हणून हा अर्ज माझ्याकडे न ठेवता दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे द्यावा. म्हणजे घरचा माणूस खिडकीवर असूनही फायदा नाहीच.

बाय गो, मी त्या रात्री काही मोठा विचारबिचार नाही केला. घरी आले, भाकऱ्या भाजल्या. तुझे बाबा म्हणाले, आज भाकऱ्या करपल्या. मी म्हटलं, खा मुकाट. सकाळी अंघोळ झाल्यावर पेटी उघडली, दाखला काढला, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन दोन प्रती केल्या. त्या आणि आबांच्या नावाचं ते संमतीपत्रही पोरीच्या हातात दिलं आणि म्हटलं, "माझ्या सहीचंही लिही. मी केली असं लिही. आबांवर नको यायला."

ती रडली. मी नाही. मी मागाहून रडले, धणे निवडताना. धण्यांची धूळ उडते, सोयीचं असतं.

टिपणी वर गेली. चार दिवसांनी परत आली, कोपऱ्यात लाल शाईत दोनच शब्द, "चर्चा करावी", म्हणजे समोर येऊन सांगा. हेडक्लार्क म्हणाले, बघ, आता भोग. त्याच वेळी भिस्सीवालीने ते लेखी कारण जोडून वरच्या साहेबांकडे दाद मागितली होती. अर्ज कसा लिहायचा हे तिला कोणी सांगितलं, ते मला विचारू नको. झाडाखालच्याने नाही लिहिला, एवढं सांगते. मलाही निरोप आला. आम्ही दोघी त्या केबिनबाहेर बाकावर बसलो. ती म्हणाली, "ताई, तुम्ही पण ऊपरवाल्याची सही आणायला आलात?" तिथून आमची ओळख.

आम्हा दोघींना एकदमच आत घेतलं; वरच्या साहेब म्हणजे मोठ्या मॅडम होत्या, आणि पुतणी आधीच समोर उभी. चष्म्यावरून बघत त्यांनी मला विचारलं, "ही सही कोणाची?"

"माझी. नाव सासऱ्यांचं, हात माझा."

"त्यांना विचारलं होतं का?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाले नसते."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "आजी, हा गुन्हा होतो. पुन्हा करू नका." मी दोन्ही कान धरले. मग त्या पोरीकडे वळल्या. "तुम्हाला नोकरीत किती दिवस झाले?" "वर्ष, मॅडम." "आणि माझ्या परिपत्रकात चुका काढता?" पोरगी एक पाऊल पुढे आली. म्हणाली, "मॅडम, आमच्या आळीत पट्टीवर जिवंत माणूस सापडणं कठीण आहे." भिस्सीवाली मध्येच बोलली, "आमच्याकडे पण."

बराच वेळ त्या वाचत बसल्या. मग फोनवर दुसऱ्या कोणाला तरी बोलावलं, कायद्याच्या विभागातल्या. आम्हाला जायला सांगितलं.

आठवडा गेला. मग नवं पूरक परिपत्रक निघालं, जवळजवळ त्या टिपणीसारखंच, फक्त भाषा मोठ्ठी. भिस्सीवालीचा अर्ज मार्च संपायच्या दोन दिवस आधी आत गेला. तिच्या मालकाच्या मुलाने घोषणापत्र दिलं, निरीक्षक येऊन चूल, सिलिंडर, खिडकी बघून गेला आणि परवाना आला. तिच्या दाराला कुलूप लागलं नाही.

माझा? माझा लांबला. सहीचा जबाब घेतला, लेखी समज मिळाली, अर्ज दुसऱ्या खिडकीवर पहिल्यापासून. तुझ्या बाबांनी वारस म्हणून लिहून दिलं, तुझ्या काकूनेही. मार्च संपला, नवा परवाना नाही, म्हणून डंक मी आपणहून बंद ठेवला. तीन आठवडे. आलेली पोती लोक उचलून दुसरीकडे घेऊन गेले. अर्ध्या गल्लीला तेवढंच दिसलं.

आणि त्या पोरीला काय मिळालं? आधी खोटे कागद घेतले म्हणून खुलासा मागितला. तिने खुलासा दिला, समज देऊन प्रकरण बंद झालं. शाबासकी कोणी दिली नाही. हेडक्लार्क अजून तिच्याशी कामापुरतंच बोलतात. पण कपाट सरकवलं आहे, फळा आता पुरा दिसतो. आणि टायपिंग पास झाली गो, मागच्याच आठवड्यात. ओट्यावर बसून टकटक करायची, मी म्हणायचे, अगं डंकाच्या आवाजात तुझं टकटक कोणाला ऐकू येतंय.

डंक आता चालू आहे. पहिल्या दिवशी भिस्सीवाली रिक्षात मिरच्यांची दोन पोती घालून आली. इतके दिवस तिने कुठेच कुटून घेतल्या नव्हत्या. मी म्हटलं, अगं बाई, लूमवाल्यांना काय खाऊ घातलंस? म्हणाली, "पिवळी भाजी. शिव्या देत होते." तुझी चुलत बहीण कामावरून आली आणि दोघींमध्ये बसून देठ काढायला लागली. साडीवर लाल धूळ, शिंका चालू.

तर बाय, तिला फोन करून सॉरीबिरी म्हणत बसू नको, तुला ते जमत नाही, अजून भांडण होईल. तू ये. पट्टीवर आता तुझ्या बाबांचं आणि काकूचं नाव चढवायला दिलं आहे, त्यासाठी घरात सगळ्यांना एकदा बसायचंय, तुझीही सही लागेल, आणि ती तूच करायची आहेस. लवकर ये. मिरच्या संपायच्या आत ये, पोरांना घेऊन ये, आणि दोन दिवसांसाठी येऊ नको.